टक्के दिसतात, पण मोजले जातात का?

दहावीचा निकाल लागला की केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शीट फिरू लागते. शाळेचे नाव, परीक्षेला बसलेले विद्यार्थी आणि निकालाची टक्केवारी, असे तीन रकाने. संध्याकाळपर्यंत प्रत्येक मुख्याध्यापकाने आपली ओळ भरायची आणि कार्यालयातल्या लिपिकाने खाली सरासरी काढून ती वर पाठवायची. काम पाच मिनिटांचे वाटते. पण टक्केवारीच्या रकान्यात कोणी काय लिहावे हे कोणीच सांगितलेले नसते, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या सवयीने लिहितो. समजा, एका केंद्रातल्या सहा शाळांनी शीट अशी भरली:

```
शाळा   विद्यार्थी   निकाल
अ        40       85%
आ        25       92
इ        60       ८५ टक्के
ई        80       साडेसत्त्याऐंशी टक्के
उ        50       0.96
ऊ        45       शंभर टक्के
```

वाचणाऱ्या माणसाला यात काहीच अडचण नाही. पण सरासरीसाठी `AVERAGE` लावले की शीट 31.27 असे उत्तर देते. सगळ्या शाळांचा निकाल पंच्याऐंशी किंवा त्याहून वर असताना सरासरी एकतीस कशी येते, हे समजून घ्यायचे तर शीटला या सहा नोंदी कशा दिसल्या ते पाहावे लागेल.

एक्सेल किंवा गूगल शीट्सच्या साध्या सेलमध्ये 85% असे टाइप केले की शीट आत 0.85 साठवते. टक्क्याचे चिन्ह आपल्याला दाखवण्यापुरते असते, हिशेब 0.85 वर चालतो. म्हणून ‘अ’ शाळेची नोंद बरोबर आहे. ‘उ’ शाळेच्या मुख्याध्यापकांनी थेट 0.96 लिहिले, तेही बरोबरच. ‘आ’ शाळेने चिन्ह न लावता 92 लिहिले. ती संख्या खरीच, पण शीटच्या लेखी ती ब्याण्णव पूर्णांक, म्हणजे नऊ हजार दोनशे टक्के. उरलेल्या तीन नोंदी शीटसाठी संख्या नाहीतच, तो नुसता मजकूर. `AVERAGE` रकान्यातला मजकूर सोडून देते आणि सोडल्याचे कुठे सांगतही नाही. तिने तीनच संख्या घेतल्या: 0.85, 92 आणि 0.96. त्यांची बेरीज 93.81, तिला तिनाने भागले की 31.27.

हे उत्तर निदान हास्यास्पद आहे, त्यामुळे लिपिकाच्या लगेच लक्षात येईल. खरी धास्ती दुसऱ्या प्रकाराची. ‘आ’ शाळेने शीट भरलीच नसती तर रकान्यात पाच नोंदी उरल्या असत्या, त्यातल्या तीन मजकुराच्या. सरासरी निघाली असती फक्त 0.85 आणि 0.96 यांची, म्हणजे 0.905, अर्थात साडेनव्वद टक्के. आकडा इतका रास्त दिसतो की त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. पाचपैकी तीन शाळा हिशेबातून गळाल्या, तरी कागद बिनबोभाट वरच्या कार्यालयात पोचला असता.

म्हणून सरासरीला हात लावण्याआधी दोन मोजण्या कराव्यात. `COUNT` फक्त संख्या मोजते आणि `COUNTA` भरलेला प्रत्येक सेल मोजते. वरच्या शीटमध्ये पहिलीचे उत्तर 3 येते, दुसरीचे 6. हा फरक म्हणजे हिशेबाबाहेर राहिलेल्या नोंदी. डोळ्यांनी ओळखायचे तर सेलची बाजू पाहावी: कोणी अलाइनमेंट बदललेली नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला असते आणि मजकूर डाव्या. पण बऱ्याच कार्यालयांत शीट ‘नीटनेटकी’ दिसावी म्हणून सगळा रकाना मध्यभागी आणलेला असतो आणि ही खूण तिथेच पुसली जाते.

मजकूर आणि संख्या यांची तुलना केली की आणखी विचित्र प्रकार घडतो. समजा, महाविद्यालयात ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि कारकुनाने असा फॉर्म्युला लिहिला:

```
=IF(C2>=0.75,"पात्र","अपात्र")
```

आता C2 मध्ये `35 टक्के` असे लिहिलेले असेल तर उत्तर काय येईल? ‘पात्र’. एक्सेलच्या नियमात कुठलाही मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठाच धरला जातो. त्यामुळे ज्यांच्या नोंदी मजकुरात आहेत ते सगळे विद्यार्थी, वर्गात पाऊल न टाकलेलेसुद्धा, या अटीतून पार होतात. इथेही लाल अक्षरातली कुठली चूक दिसत नाही.

नोंदी दुरुस्त करायचा सगळ्यात सोपा मार्ग मेनूतच आहे. ‘फाइंड अँड रिप्लेस’ उघडायचे, शोधायच्या जागी ‘ टक्के’ (आधीच्या मोकळ्या जागेसकट) टाकायचे, बदलायच्या जागी % टाकायचे. `85 टक्के` अशा नोंदीचे `85%` होते आणि एक्सेल ती नव्याने टाइप केल्यासारखी वाचून 0.85 करते. सेलला आधीच ‘टेक्स्ट’ हे फॉरमॅट दिलेले असेल तर मात्र हे घडत नाही. तसे असेल तर आधी फॉरमॅट ‘जनरल’ करून घ्यावे लागते. पंधरा-वीस ओळी असतील आणि काम एकदाच करायचे असेल तर एवढे पुरते. दर महिन्याला नवी शीट येणार असेल, किंवा मूळ नोंद पुराव्यादाखल जशीच्या तशी ठेवायची असेल, तर शेजारी वेगळे रकाने करून फॉर्म्युल्याने काम करावे. मूळ रकान्याला हात न लावलेला बरा. उद्या एखादे मुख्याध्यापक म्हणाले, ‘मी असे लिहिलेच नव्हते’, तर त्यांचे लिहिलेले समोर असते.

या कामाची किल्ली `VALUE` या फंक्शनकडे आहे. तिला `85%` हा मजकूर दिला की ती 0.85 परत करते. टक्क्याचे चिन्ह तिला कळते, शंभराने भागायचे काम ती स्वतःच करते. म्हणून चिन्ह पुसून टाकण्याची घाई करू नये. अनेक जण आधी % आणि ‘टक्के’ दोन्ही काढून टाकतात आणि उरलेल्या आकड्याला शंभराने भागतात. त्यात एक गोष्ट हातची जाते: हा आकडा टक्क्यात होता की आधीच अपूर्णांकात होता, हे सांगणारी एकमेव खूण. मजकूर म्हणून आलेल्या `0.85` लाही मग शंभराने भागले जाते आणि 0.0085 उरते. त्यापेक्षा ‘टक्के’ या शब्दाच्या जागी चिन्ह बसवावे आणि पुढचे `VALUE` वर सोपवावे. D रकान्यातला पहिला फॉर्म्युला असा:

```
=IF(ISNUMBER(C2),C2,SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2,UNICHAR(160),"")," ",""),"टक्के","%"))
```

आधी ती नोंद संख्याच आहे का ते पाहिले आणि असेल तर ती तशीच पुढे पाठवली. मजकूर असेल तर मोकळ्या जागा काढल्या आणि ‘टक्के’चे % केले. `UNICHAR(160)` ही एक खास मोकळी जागा. वेबपानावरून किंवा वर्डमधून मजकूर चिकटवला की ती सोबत येते, दिसते अगदी नेहमीच्या जागेसारखी, पण मोकळ्या जागा काढणारे `TRIM` तिला ओळखत नाही. एखादा सेल सगळे करूनही बधत नसेल तर `LEN` लावून अक्षरे मोजावीत. `85%` ची लांबी 3 यायला हवी. 4 आली तर काहीतरी लपून बसले आहे.

पुढचा टप्पा देवनागरी अंकांचा. ‘इ’ शाळेने ८५ लिहिले आहे, 85 नाही. देवनागरी अंक प्रत्येक प्रोग्राम संख्या म्हणून स्वीकारेल यावर विसंबू नये, ते आपणच बदलून घ्यावेत. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. देवनागरी शून्याचा क्रमांक 2406, एकचा 2407 आणि पुढे ओळीने नऊपर्यंत 2415. अंक असे रांगेत असल्यामुळे एकच फॉर्म्युला दहाही बदल करू शकतो. E रकान्यात:

```
=IF(ISNUMBER(D2),D2,REDUCE(D2,SEQUENCE(10,1,0),LAMBDA(s,k,SUBSTITUTE(s,UNICHAR(2406+k),k))))
```

शून्यापासून नऊपर्यंत एकेक अंक घेऊन त्याचे देवनागरी रूप शोधायचे आणि तिथे इंग्रजी अंक ठेवायचा, एवढाच याचा अर्थ. `REDUCE` गूगल शीट्समध्ये आणि एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत चालते. जुन्या एक्सेलवर काम करणाऱ्याने दहा वेळा ‘फाइंड अँड रिप्लेस’ करावे. कंटाळवाणे आहे, पण होते.

इथपर्यंत `८५ टक्के` चे `85%` झाले. राहिल्या ‘ई’ आणि ‘ऊ’ या दोन शाळा, ज्यांनी आकडा अक्षरात लिहिला आहे.

इंग्रजीत हे काम वरवर सोपे. `eighty five percent` या मजकुराचे शब्द सुटे केले, एका तक्त्यात eighty समोर 80 आणि five समोर 5 लिहून ठेवले आणि बेरीज केली की 85. एक ते एकोणीसचे एकोणीस शब्द, वीस ते नव्वद दशकांचे आठ, एवढ्या सत्तावीस शब्दांत नव्याण्णवपर्यंत पोचता येते. तक्त्यात नसलेल्या शब्दाची किंमत शून्य धरली की percent, per cent यांचाही प्रश्न उरत नाही. पण हीच सोय अंगाशी येते. कोणी `eigty five percent` असे चुकीचे लिहिले तर पहिला शब्द तक्त्यात सापडत नाही, त्याची किंमत शून्य होते आणि बेरीज निघते 5. पंच्याऐंशीचे पाच टक्के झाले आणि शीटने हूं की चूं केले नाही. तक्त्यात hundred समोर 100 लिहिले असेल तर `one hundred percent` चे होतात 101. बेरजेवर चालणाऱ्या पद्धतीत न सापडलेल्या शब्दावर शीटने थांबलेच पाहिजे. त्याला शून्य देणे म्हणजे चूक झाकणे.

मराठीत अशी फोड करताच येत नाही. पंच्याऐंशी हा एकच शब्द आहे. शीटला त्यातून ऐंशी वेगळा काढता येत नाही आणि पाच तर नाहीच. एकोणनव्वदमध्ये नव्वद ऐकू येते, पण संख्या असते 89. एक ते शंभर सगळे शब्द स्वतंत्रपणे तक्त्यात लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस या वाचनाला ‘वीस एक’ असा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला होता. जोडाक्षरांच्या शब्दांनी मुले अडखळतात, अशी त्यामागची भूमिका होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिचे जाहीर समर्थन केले, टीकाकारांनी भाषेची मोडतोड म्हणून तिच्यावर तोंडसुख घेतले. मुलांच्या बाजूने त्या वादात बोलण्यासारखे पुष्कळ आहे. शीटच्या बाजूने पाहिले तर जुन्या शब्दांना एक अनपेक्षित फायदा मिळतो. ‘ऐंशी पाच’ लिहिले असते तर इंग्रजीसारखीच फोड आणि इंग्रजीसारखीच मुकी चूक. ‘पंच्याऐंशी’ मात्र तक्त्यात अख्खा सापडतो किंवा सापडतच नाही. सापडला नाही की शीट सरळ `#N/A` दाखवते आणि माणसाला तिथे बघावेच लागते.

तर ‘शब्द’ नावाची वेगळी टॅब करायची. A रकान्यात शब्द, B मध्ये संख्या. शंभर ओळी एकदा भरल्या की जन्माचे काम झाले, पण त्या भरताना मराठी लेखनाच्या दोन खोड्या आड येतात.

पहिली खोडी शुद्धलेखनाची. पंच्याऐंशी कोणी ‘पंचाऐंशी’ लिहितो, कोणी ‘पंच्याऐशी’. सत्त्याऐंशीमधला एक त निम्म्या वेळा गळतो. यावर उपाय सरळ आहे: चुकीची रूपेही तक्त्यात टाकायची आणि समोर तीच संख्या लिहायची. तक्ता हा काही व्याकरणाचा पेपर नव्हे. प्रत्येक शीटसोबत जी नवी रूपे `#N/A` देतील ती भरत गेले की काही महिन्यांत तो बऱ्यापैकी पिकतो.

दुसरी खोडी दिसतच नाही. चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव या शब्दांत अर्धा र येतो, आडव्या चंद्रकोरीसारखा. तो टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत ‘ऱ’ हे नुक्त्याचे अक्षर, हलन्त आणि य. दुसरीत साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर आणि छपाईत दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरमाला आहे. त्यामुळे एका कीबोर्डवरून आलेला ‘चौऱ्याऐंशी’ दुसऱ्या कीबोर्डवर भरलेल्या तक्त्यात न सापडण्याची शक्यता असते आणि लिपिक दोन्ही सेलकडे डोळे ताणून पाहत राहतो. अदृश्य चिन्हाचा क्रमांक 8205, हलन्ताचा 2381. शोध घेण्यापूर्वी सगळे एकाच रीतीत आणले की पेच सुटतो:

```
=SUBSTITUTE(E2,"र"&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),"ऱ"&UNICHAR(2381))
```

तक्त्यातल्या शब्दांवरही हाच फॉर्म्युला एकदा फिरवून घ्यावा. तेही जमत नसेल तर या तीन शब्दांच्या प्रत्येकी दोन ओळी तक्त्यात ठेवाव्यात.

मग येतात साडे, सव्वा आणि पावणे. मराठी माणूस टक्केवारी बोलताना यांना सोडत नाही. नवी मुंबईत सिडकोने प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंड देण्याची योजना सगळ्यांच्या तोंडी ‘साडेबारा टक्के’ म्हणूनच आहे. तक्त्यात या रूपांसाठी नवे काही शिकावे लागत नाही. शंभर शब्दांच्या यादीपुढे ‘साडे’ जोडून संख्येत 0.5 मिळवायचे, ‘सव्वा’ जोडून 0.25 मिळवायचे, ‘पावणे’ जोडून 0.25 वजा करायचे. `="साडे"&A13` असा फॉर्म्युला खाली ओढला की शंभर ओळी तयार. पावणेनव्वदचे 89.75 आपोआप येतात. हाताने भरायचे ते अपवाद: दीड, अडीच, पाव, अर्धा, पाऊण, नुसता सव्वा आणि शंभराच्या वरचे. सव्वाशे म्हणजे 125, शंभर आणि पाव नव्हे. यंत्राच्या भरवशावर ‘सव्वाशंभर’ची ओळ बनली असेल तर ती पुसावी, कारण असे कोणी बोलत नाही.

तक्ता तयार झाल्यावर F रकान्यात आधी `VALUE` करून पाहायचे आणि ते फसले तर शब्द शोधायचा:

```
=IFERROR(VALUE(E2),VLOOKUP(SUBSTITUTE(E2,"%",""),'शब्द'!A:B,2,FALSE)/100)
```

शेवटी असलेल्या `FALSE` वर नजर ठेवावी. ते गाळले तर शीट ‘जवळपासचा’ शब्द उचलते आणि एखाद्या शाळेला भलताच निकाल मिळतो.

या टप्प्यावर सहा ओळींत 0.85, 92, 0.85, 0.875, 0.96 आणि 1 असे आकडे आहेत. एकटे 92 अजून बाहेर उभे आहे. निकाल शंभर टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून एकाहून मोठ्या संख्येला शंभराने भागणे इथे निर्धोक आहे:

```
=IF(F2>1,F2/100,F2)
```

हा नियम सरसकट कुठेही वापरला तर मात्र घात होतो. व्याजदराचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वासहा टक्के केला, म्हणजे पाव टक्का कमी केला. शीटमध्ये कोणी ही कपात नुसती 0.25 अशी लिहिली तर ती एकाहून लहान आहे, त्यामुळे वरचा नियम तिला पंचवीस टक्के समजून तशीच ठेवील. चाळीस लाखांच्या कर्जावर पाव टक्क्याने वर्षाला साधारण दहा हजार रुपये वाचतात, तर 0.25 ने गुणले की दहा लाख. उलट विक्रीतल्या वाढीच्या रकान्यात 1.5 असेल तर ते दीड टक्का की दीडशे टक्के, हे आकड्याकडे पाहून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. रकाना कशाचा आहे ते ज्याला माहीत आहे त्यानेच नियम ठरवायचा.

परीक्षेच्या निकालात मात्र पडताळणीचा एक सुरेख मार्ग आहे आणि तो सहसा कोणी वापरत नाही. विद्यार्थी अर्धामुर्धा पास होत नाही. म्हणून दशांश अपूर्णांकाला विद्यार्थिसंख्येने गुणले की उत्तर पूर्णांक, किंवा त्याच्या अगदी जवळ, यायला हवे. आपल्या सहा शाळांचे पाहू. चाळीस गुणिले 0.85 म्हणजे 34. पंचवीस गुणिले 0.92 म्हणजे 23. पुढे 51, 70, 48 आणि 45. सहाही पूर्णांक, म्हणजे रूपांतर जमले. समजा ‘ऊ’ शाळेने नुसते 1 लिहिले असते. एक टक्का की शंभर टक्के? पंचेचाळीस मुलांचा एक टक्का म्हणजे 0.45 मूल. असे मूल नसते, तेव्हा उत्तर शंभर टक्केच. कोणी चाळिसातले छत्तीस म्हणून 9/10 लिहिले आणि एक्सेलने त्याची तारीख करून टाकली, तर मागे पंचेचाळीस हजारांहून मोठी संख्या असते. शंभराने भागूनही तिचा गुणाकार हजारोंत जातो आणि ओळ लगेच उघडी पडते.

या कसोटीला मर्यादा आहेत. त्रेचाळीस मुलांपैकी सदतीस पास झाली तर निकाल 86.0465 असा लांबत जातो. शाळा 86% लिहिते आणि गुणाकार 36.98 येतो. एवढा फरक पूर्णांकन मानून सोडावा. विद्यार्थी शंभराच्या वर गेले की एकेक विद्यार्थी एका टक्क्यापेक्षाही लहान होतो आणि नुसत्या पूर्ण टक्क्यांवरून ही परीक्षा फारसे काही सांगत नाही. तिथे दोन दशांश स्थळांपर्यंतची टक्केवारीच मागवावी लागते. ‘ई’ शाळेची गंमतही लक्षात घेण्यासारखी. सेलचे फॉरमॅट पूर्ण टक्क्यांचे असेल तर 0.875 पडद्यावर 88% दिसते, हिशेब मात्र 0.875 वरच होतो. पण कोणी ते दिसणारे 88 पाहून दुसऱ्या शीटमध्ये हाताने टाइप केले तर ऐंशी मुलांपैकी 70.4 पास होतात.

आता सरासरी. सहा अपूर्णांकांची साधी सरासरी 0.9092 येते, म्हणजे 90.92 टक्के. लिपिक हेच वर पाठवील आणि ते चुकीचे असेल. पंचवीस मुलांची शाळा आणि ऐंशी मुलांची शाळा यांना या सरासरीत सारखेच वजन मिळाले आहे. केंद्राचा निकाल म्हणजे एकूण बसलेल्यांपैकी एकूण किती पास झाले, आणि त्यासाठी फॉर्म्युला वेगळा:

```
=SUMPRODUCT(B2:B7,G2:G7)/SUM(B2:B7)
```

तीनशेपैकी 271 पास, म्हणजे 0.9033. सेलला टक्केवारीचे फॉरमॅट दिले की 90.33% दिसते. फॉरमॅट शेवटीच द्यावे, कारण ते संख्या बदलत नाही, फक्त शंभरपट करून दाखवते. रूपांतराआधीच 92 वर ते लावले तर सेलमध्ये 9200% उमटते.

ज्यांच्या हातात कोरी शीट आहे त्यांनी ही वेळच येऊ देऊ नये. ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये त्या रकान्यासाठी 0 ते 1 मधली दशांश संख्याच चालेल अशी अट घातली की ‘पंच्याऐंशी टक्के’ लिहिणाऱ्याला शीट तिथल्या तिथे अडवते. 85% टाइप केले तर ते आत 0.85 होत असल्याने स्वीकारले जाते. गूगल फॉर्म असेल तर उत्तर 0 ते 100 मधली संख्याच असावी अशी अट लावता येते. मग चिन्ह आणि शब्द दोन्ही बाहेर राहतात आणि प्रत्येक उत्तराला शंभराने भागले की झाले. त्याहून बरे म्हणजे शाळेकडून टक्केवारी मागूच नये. बसले किती आणि उत्तीर्ण किती, असे दोन पूर्णांक मागावेत. टक्के शीट स्वतः काढील, सगळ्या शाळांसाठी एकाच रीतीने, आणि मुख्याध्यापकांनाही कॅल्क्युलेटर शोधावा लागणार नाही.